हात वाचला, मांडी भाजली: कुरडईच्या चिकाने झालेल्या एका अपघाताचे प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात हा अपघात झाला. रुग्ण ३८ वर्षांची, सुमारे ५० किलो वजनाची, शेतमजुरी करणारी स्त्री होती. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक काढून अंगणातल्या चुलीवर मोठ्या गंजात तो शिजवण्याचे काम चालले होते. चीक घट्ट होत आला असताना गंज धरून बसलेल्या जावेचा हात सटकला, गंज चुलीवरून कलंडला आणि उकळता चीक समोर बसून दांड्याने घोटणाऱ्या या बाईच्या मांड्यांवर, पोटाच्या खालच्या भागावर, उजव्या पायावर आणि उजव्या हातावर पडला. त्या वेळी सकाळचे नऊ वाजले होते. ही वेळ घरच्यांना नेमकी आठवत होती, कारण नळाचे पाणी नुकतेच गेले होते. पुढे संपूर्ण दिवसाचा हिशेब याच वेळेवर बेतला गेला.

मी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात काम करतो आणि ही बाई आमच्याकडे दुपारी बारा वाजता पोहोचली. हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले, याचे कारण एकाच माणसाच्या अंगावर, एकाच क्षणी, एकाच पदार्थाने झालेल्या जखमांना पहिल्या तासाभरात निरनिराळी वागणूक मिळाली आणि त्यांचा शेवटही निरनिराळा झाला.

पहिला सव्वा तास

उजवा हात पोळताच तिने तो आपणहून शेजारच्या सिमेंटच्या टाक्यात बुडवला. टाके लिंबाच्या सावलीत होते आणि त्यातले पाणी पहाटे भरलेले होते. आग थांबेना म्हणून तिने हात बाहेर काढलाच नाही. घरच्यांच्या अंदाजाने पंधरा-वीस मिनिटे तो पाण्यातच होता. मांड्यांचे मात्र तसे झाले नाही. अंगणात पुरुषमाणसे होती, त्यामुळे लुगडे सोडले गेले नाही आणि लुगड्याच्या घड्यांत अडकलेला चीक तसाच अंगाला चिकटून राहिला. कोणीतरी तांब्याभर पाणी ओतायला पुढे झाले, तेव्हा शेजारची वयस्क बाई म्हणाली, "पानी नोको टाकू वं, फोड येतीन." नडगीवर आणि पावलावर टूथपेस्ट व हळद फासली गेली. मग मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तिला सहा किलोमीटरवरच्या उपकेंद्रात नेले. तिथे पोहोचेपर्यंत सव्वादहा वाजले होते.

उपकेंद्रातील सामुदायिक आरोग्य अधिकारी तरुण मुलगी होती. तिने जे केले ते क्रमाने नोंदवण्यासारखे आहे. तिने दार लावून घेतले, लुगडे आणि परकर काढला, जिथे कापड कातडीला चिकटले होते तिथे ते ओढून न काढता भोवतीने कापले आणि बोअरवेलच्या नळाला पाइप लावून मांड्या, पोट व पाय घड्याळ लावून वीस मिनिटे धुतले. धुता धुता चिकाचे थर सुटून आले. मांडीवरचा थर सुटला तेव्हाही तो तळाशी कोमट लागत होता, असे तिने मला नंतर सांगितले. सूज येण्याआधी बांगड्या, जोडवी आणि पायातली साखळी काढली. त्यानंतर धुतलेल्या सुती साडीत रुग्णाला गुंडाळले, डाव्या हाताच्या शिरेत रिंगर लॅक्टेटची ५०० मिलिलिटरची बाटली लावली आणि १०८ ची गाडी बोलावली. मलम लावले नाही. चिठ्ठीवर सर्वांत वर "भाजल्याची वेळ सकाळी ९:००" असे लिहिले आणि खाली, अंगाचा किती भाग भाजला ते, "अंदाजे ३० टक्के". यातील पहिली नोंद अमूल्य ठरली. दुसरी आम्हाला दुरुस्त करावी लागली.

पाण्याने नेमके काय होते

चीक हा पदार्थ या बाबतीत साध्या पाण्यापेक्षा वाईट असतो. उकळते पाणी अंगावर पडले की बरेचसे ओघळून जाते आणि जे उरते ते लवकर थंड होते. शिजलेला चीक खळीसारखा असतो. तो चिकटतो, त्याच्यावर साय धरते आणि आतली उष्णता कातडीकडे झिरपत राहते. त्यावर ओले, घड्या पडलेले कापड असेल, तर ती बाहेर निघायलाही वाट नसते.

कातडीच्या पेशी तापमान आणि वेळ या दोन्हींच्या हिशेबाने मरतात. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते की ४४ अंश सेल्सियसला कातडीला कायमची इजा व्हायला सुमारे सहा तास लागतात. तिथून वर साधारण ५१ अंशांपर्यंत प्रत्येक अंशामागे इजेचा वेग जवळपास दुपटीने वाढतो आणि ६० अंशांना पाच सेकंदही पुरतात. याचा अर्थ असा की गरम पदार्थ दूर झाला तरी अपघात संपलेला नसतो. कातडीत साठलेली उष्णता हळूहळू खालच्या थरांत उतरत असते आणि एखादा थर ४४ अंशांच्या वर जितका वेळ राहील तितका तो मरत जातो. वाहते पाणी ही उष्णता वरच्या वर ओढून नेते. पाणी वाहते हवे, कारण अंगाला टेकलेले पाणी काही क्षणांत स्वतःच तापते. ओला फडका ठेवून दिला, तर तो दोन मिनिटांत कोमट होतो आणि मग झाकणासारखा बसतो.

इथे विचारी वाचकाला एक शंका येईल. कातडी तर मिनिटा-दोन मिनिटांत ४४ अंशांच्या खाली येते. मग वीस मिनिटे कशासाठी आणि सव्वा तासाने धुऊन काय उपयोग? भाजलेल्या जागेच्या मध्याशी ज्या पेशी मेल्या त्या गेल्याच. पण त्यांच्या भोवती आणि खाली असा एक पट्टा असतो की ज्यातल्या पेशी जिवंत असतात, मात्र त्यांचा रक्तपुरवठा मंदावलेला असतो. जॅक्सन यांनी १९५३ साली भाजलेल्या जखमेचे तीन पट्टे वर्णिले. मधला मेलेला पट्टा, त्याला लागून हा मंदावलेला आणि सर्वांत बाहेर नुसता लालसर, रक्ताने भरलेला. मंदावलेल्या पट्ट्याचे भवितव्य पुढच्या दोन-तीन दिवसांत ठरते. तिथे हिस्टामिन आणि इतर दाहकारक द्रव्ये सुटतात, केशवाहिन्या पाझरतात, सूज येते, रक्ताच्या गुठळ्या होतात आणि पुरवठा बंद पडला की तो पट्टाही मरतो. म्हणजे वरवरची जखम खोल होते. थंडाव्याने ही द्रव्ये कमी सुटतात, सूज कमी येते आणि पेशींची प्राणवायूची गरज घटते. उष्णता काढून टाकणे हे पाण्याचे पहिले काम झाले आणि ते लगेचच करावे लागते. दुसरे काम या पट्ट्याला तगवण्याचे, आणि त्याची मुदत साधारण तीन तासांपर्यंत असते. म्हणून उपकेंद्रातले धुणे उशिराचे असले तरी वाया गेलेले नव्हते.

आपल्याकडे पाण्याच्या तापमानाचा प्रश्न पुस्तकातल्यापेक्षा वेगळा आहे. पुस्तकांत साधारण १५ अंशांचे पाणी उत्तम म्हटलेले असते. एप्रिल-मेमध्ये विदर्भात असे पाणी नळाला येत नाही. या प्रकरणानंतर कुतूहल म्हणून मी आमच्या रुग्णालयाच्या गच्चीवरच्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीतले पाणी दुपारी दोन वाजता मोजले, तेव्हा ते ४१ अंश भरले. उन्हात पडलेल्या पाइपातले पहिले बादलीभर पाणी तर हाताला सोसवेना. त्याच वेळी बोअरवेलमधून थेट उपसलेले पाणी २८ अंश होते. २८ हे १५ नव्हे, परंतु ४४ च्या बरेच खाली आहे आणि तेवढ्यावर काम होते. टाकीचा नळ सोडून विहिरीचे, बोअरचे किंवा सावलीतल्या टाक्याचे पाणी घ्यावे आणि पाइपातले पहिले पाणी वाहू द्यावे, हा या भागातला खरा तपशील आहे. बर्फ मात्र वापरू नये, कारण त्याने रक्तवाहिन्या आकसून तो मंदावलेला पट्टाच उपाशी मरतो.

टंचाईच्या गावात वीस मिनिटे नळ सोडणे म्हणजे ऐंशी-शंभर लिटर पाणी, आणि ते नसेल हे मला ठाऊक आहे. अशा वेळी पायाखाली घमेले ठेवून तेच पाणी तांब्याने पुनःपुन्हा ओतले आणि ते कोमट लागू लागले की बदलले, तरी चालते. धूळ-मातीची काळजी रुग्णालयात घेता येते. दुसरी मर्यादा थंडीची. या बाईच्या बाबतीत बाहेर ४२ अंश होते, त्यामुळे अंग गार पडण्याची भीती नव्हती. डिसेंबरात, लहान मुलाच्या बाबतीत किंवा अंगाचा मोठा भाग भाजला असता जखम गार करताना बाकीचे अंग कोरडे आणि उबदार ठेवावे लागते. मूल कुडकुडू लागले किंवा मलूल झाले, तर पाणी थांबवावे.

बारा वाजता: खोली ओळखणे

आमच्याकडे आल्यावर तिने जे पहिले वाक्य उच्चारले, त्यात निदान अर्धे झाले होते. "डॉक्टरसाहेब, हाताची लय आग होऊन रायली, मांडीले तं काहीच नाई." सोबतच्या मंडळींना यामुळे मांडीचे बरे आहे असे वाटत होते. वस्तुस्थिती उलटी होती. संवेदनेच्या नसांची टोके अंतस्त्वचेत असतात. ती शाबूत असतील तर आग होते, जळून गेली असतील तर होत नाही. फार दुखणारी जखम बहुधा वरची असते आणि न दुखणारीची काळजी करावी लागते.

खोली पाहण्याआधी अंग स्वच्छ करावे लागते. नडगीवरची टूथपेस्ट वाळून पांढरे कवच झाले होते आणि हळदीने कातडीचा रंगच कळत नव्हता. कोमट सलाईनने ते काढायला पाऊण तास लागला आणि तेवढा वेळ रुग्णाला शिरेतून वेदनाशामक द्यावे लागले. सिल्व्हर सल्फाडायझिनचे पांढरे मलम रुग्णाला पुढे पाठवण्याआधी लावू नये, याचे कारणही हेच आहे. त्याचा थर बसतो आणि पुढच्या डॉक्टरला खालचे काही दिसत नाही.

तपासणी तीन गोष्टींची केली. कातडी कशी दिसते, बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल होते का आणि निर्जंतुक सुई टोचल्यावर काय जाणवते. उजव्या हातावर आणि मनगटाच्या वर मोठे फोड होते. फुटलेल्या फोडाखाली गुलाबी, ओलसर, चमकदार तळ होता. दाबल्यावर तो पांढरा पडे आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होई, आणि सुईचा स्पर्श होताच तिने हात ओढून घेतला. ही अंतस्त्वचेच्या वरच्या भागापर्यंत गेलेली जखम. इथे केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी शाबूत असतात आणि त्यांच्याच पेशींतून नवी कातडी उगवते, म्हणून ती दोन आठवड्यांत, फार तर तीन आठवड्यांत, बहुधा वण न ठेवता भरते.

दोन्ही मांड्यांच्या समोरच्या भागावर चित्र वेगळे होते. तिथे फोड थोडे होते, तळ ठिपकेदार, गडद लाल होता, आणि दाबले तरी तो लालच राहत होता. हा लाल रंग फसवतो, कारण लाल म्हणजे जिवंत असे आपल्याला वाटते. पण दाबून न हटणारा लाल म्हणजे वाहिन्यांबाहेर सांडून अडकलेले रक्त असते. सुई टोचल्यावर तिला टोचणे नव्हे, नुसता दाब कळत होता. ही अंतस्त्वचेच्या खालच्या भागापर्यंत गेलेली जखम. ती आपली आपण भरायला तीन आठवड्यांहून अधिक काळ घेते आणि जाड, ओढणारा वण ठेवते. उजव्या मांडीच्या मध्यावर, जिथे लुगड्याच्या निऱ्यांत चीक साठला होता, तिथे तळहाताच्या दीडपट आकाराचा एक डाग पांढुरका, कोरडा आणि चामड्यासारखा कडक होता. त्यावरची बारीक लव चिमट्याने ओढताच विनासायास निघून आली आणि रुग्णाला त्याचा पत्ताही लागला नाही. तिथे कातडीचे सर्व थर गेले होते.

नडगी आणि पाऊल यांच्याबद्दल मी त्या दिवशी निश्चित काही लिहिले नाही. पेस्ट घासून काढल्यावर सगळेच लाल दिसत होते. पहिल्या दिवशी नुसत्या डोळ्यांनी केलेला खोलीचा अंदाज अनुभवी शल्यचिकित्सकाचाही बरेचदा चुकतो. मंदावलेला पट्टा अजून कुठल्या बाजूला कलायचा ते ठरलेले नसते, म्हणून ४८ ते ७२ तासांनी पुन्हा पाहायचे असते. कागदावर "अनिश्चित, तिसऱ्या दिवशी फेरतपासणी" असे लिहिणे हे चुकीचे निदान ठामपणे लिहिण्यापेक्षा बरे.

या सर्वांच्या कडेने, पोटावर वरपर्यंत आणि मांड्यांच्या बाजूंना, नुसती लाली होती. तिथे फोड नव्हते, कातडी कोरडी होती, दाबल्यावर लगेच पांढरी पडत होती. उन्हाने भाजल्यासारखी ही केवळ बाह्यत्वचेची जखम आठवड्यात बरी होते आणि भाजलेल्या टक्केवारीत ती धरायची नसते. उपकेंद्राच्या ३० टक्क्यांत ती धरली गेली होती. लाली वगळून, रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे एक टक्का या मापाने मोजले, तेव्हा दोन्ही मांड्यांची समोरची बाजू ९, उजवी नडगी व पाऊल ५, पोटाचा खालचा भाग ३ आणि उजवा हात ३, असे २० टक्के भरले.

पहिल्या दिवसाचे पाणी

आता टक्केवारी एवढी का मोजायची, हा मुद्दा येतो. भाजलेल्या भागातल्या केशवाहिन्या पाझरू लागतात आणि रक्तातला द्रव क्षार व अल्ब्युमिन या प्रथिनासह बाहेर झिरपतो. काही जखमेवरून गळतो, पण बराचसा कातडीखालीच साठतो. बाहेर काही सांडलेले दिसत नाही आणि तरी रक्तवाहिन्या रिकाम्या होत जातात. हा पाझर भाजल्याच्या क्षणी सुरू होतो, पहिल्या आठ-बारा तासांत सर्वांत जोरात असतो आणि साधारण दिवसभराने ओसरतो. मोठ्या माणसात १५ ते २० टक्क्यांच्या पुढे आणि मुलांत १० टक्क्यांच्या पुढे शिरेतून द्रव देणे भाग पडते, ते यामुळे. त्याखाली पाणी, मीठ-साखरेचे पाणी वा ओआरएस तोंडाने पुरते.

डल्लासच्या पार्कलँड रुग्णालयात बॅक्स्टर आणि शायर्स यांनी १९६८ साली मांडलेले सूत्र आजही सर्वांत प्रचलित आहे. दर किलो वजनामागे, दर टक्क्यामागे चार मिलिलिटर रिंगर लॅक्टेट चोवीस तासांत द्यायचे, त्यातले अर्धे पहिल्या आठ तासांत. अनुभवांती असे दिसले की या हिशेबाने अनेकदा गरजेपेक्षा जास्त द्रव जातो, म्हणून हल्ली मोठ्या माणसात दोनपासून सुरुवात करून लघवी पाहून वाढवण्याकडे कल आहे. आम्ही मधला आकडा घेतला, कारण सुरुवातीचे दीड-दोन तास कोरडे गेले होते. तीन गुणिले ५० गुणिले २० म्हणजे ३००० मिलिलिटर. त्यातले अर्धे, १५००, पहिल्या आठ तासांत.

हे आठ तास भाजल्यापासूनचे असतात, रुग्णालयात आल्यापासूनचे नव्हेत. आमच्यासारख्या ठिकाणी नेमकी हीच चूक होते. आठ तास दुपारी बारापासून मोजले असते तर ते रात्री आठला संपले असते. नऊपासून मोजले तर सायंकाळी पाचला संपतात. बारापर्यंत ५०० मिलिलिटर गेले होते. उरलेले १००० पाच तासांत, म्हणजे ताशी २००, द्यायचे होते. ती बाटली वाटेत लावलीच नसती, तर तोच वेग ताशी ३०० निघाला असता. आणि ३० टक्के धरून चारच्या सूत्राने चाललो असतो, तर दिवसाचे ६००० मिलिलिटर, म्हणजे आमच्या आकड्याच्या दुप्पट लिहिले गेले असते. जादा द्रव निरुपद्रवी नसतो. पाझरणाऱ्या वाहिन्यांतून तोही ऊतींत उतरतो, सूज वाढवतो, ज्या पट्ट्याला वाचवायचे त्याचाच रक्तपुरवठा दाबतो आणि शेवटी फुप्फुसांत साठतो.

सूत्राने फक्त सुरुवातीचा वेग मिळतो. तो बरोबर की चूक हे लघवी सांगते. मोठ्या माणसात दर किलोला ताशी अर्धा मिलिलिटर, म्हणजे या बाईला २५ मिलिलिटर लघवी व्हायला हवी होती. नळी घातल्यावर आधीची साठलेली गडद लघवी निघाली, ती हिशेबात धरली नाही. बारा ते एक या तासात १४ मिलिलिटर झाली. वेग तिसऱ्या हिश्श्याने वाढवून २६० केला. पुढच्या तासात १८. पुन्हा वाढवून ३३० केला, २७. तोच वेग ठेवला तेव्हा चार वाजता ४५ झाली, म्हणून वेग २७० वर आणला. पाच वाजता सूत्राप्रमाणे वेग एकदम उतरवायचा असतो, पण पाझर काही घड्याळाकडे पाहून थांबत नाही. लघवी ४० वर टिकली तसा आम्ही तो २०० केला आणि रात्री आठपासून १३० ठेवला. सकाळी नऊपर्यंत उपकेंद्रातली बाटली धरून एकूण ४१८० मिलिलिटर गेले होते, म्हणजे आमच्या ३००० च्या अंदाजापेक्षा बरेच जास्त. हे सूत्राचे अपयश मानण्याचे कारण नाही. पहिल्या तासाभराचा उशीर आणि खोल जखमेचे प्रमाण यांमुळे गरज वाढलेली असावी, असे माझे मत आहे. दर तासाला वेग किती आणि लघवी किती हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिणाऱ्या परिचारिकेमुळे ते वेळेवर कळले.

एका आकड्याने आम्हाला थोडा वेळ चकवले. बारा वाजता हिमोग्लोबिन १२.१ आले आणि मनात आले, चला, बाईचे रक्त तरी चांगले आहे. तिच्या पिशवीत महिन्यापूर्वीच्या गावातल्या शिबिराचे कार्ड होते, त्यावर ९.९ होते. महिन्याभरात एवढे रक्त वाढत नसते. द्रव निघून गेल्याने उरलेले रक्त दाट झाले होते आणि आकडा फुगला होता. आपल्याकडे बायकांत रक्तक्षय इतका सर्रास आहे की भाजलेल्या रुग्णाचे "नॉर्मल" हिमोग्लोबिन पाहून निर्धास्त होण्याऐवजी द्रव कमी पडतो आहे का ते आधी पाहावे. तिसऱ्या दिवशी तेच ९.४ झाले.

तिला तहान फार लागली होती आणि नातेवाईक लपूनछपून साधे पाणी पाजू पाहत होते. उलटी होत नव्हती, म्हणून घोट घोट ओआरएस पाजायला सांगितले. नुसते पाणी भरपूर गेले तर रक्तातले सोडियम उतरते. धनुर्वाताचे इंजेक्शन दिले; संसर्गाची चिन्हे नसताना प्रतिजैविक दिले नाही.

पुढे काय झाले

हात व पाऊल भाजलेले, सर्व थर गेलेला डाग आणि २० टक्के, या तिन्ही कारणांनी तिला भाजलेल्यांच्या विभागात पाठवणे आवश्यकच होते. तिथली खाट दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली. तोवर तिथल्या शल्यचिकित्सकांशी फोनवर बोलून आम्ही पहिला दिवस सांभाळला. तिसऱ्या दिवशीच्या फेरतपासणीत डाव्या मांडीचा जवळजवळ अर्धा भाग दाबल्यावर पांढरा पडू लागला होता. पहिल्या दिवशी मी तो खोल म्हणून लिहिला होता. उजव्या मांडीवरचा पांढुरका डाग मात्र कडेने पसरून तळहाताच्या अडीचपट झाला. अनिश्चित ठेवलेल्या नडगीपैकी वरचा भाग वरवरचा निघाला आणि घोट्याजवळचा खोल.

हात बाराव्या दिवशी भरला. पोट आणि डाव्या मांडीचा बराचसा भाग तीन आठवड्यांच्या आत भरला. उजव्या मांडीची मेलेली कातडी नवव्या दिवशी कापून काढून तिथे पिंढरीवरच्या पातळ कातडीचे रोपण केले. घोट्याजवळही एक लहान तुकडा लावावा लागला.

हात आणि मांडी यांतला हा फरक केवळ पाण्यामुळे पडला, असे म्हणणे मात्र शास्त्राला धरून होणार नाही. हातावर कापड नव्हते, मांडीवर होते. हातावर चीक कमी पडला, निऱ्यांत जास्त साठला. आणि तळहाताची कातडी मुळातच जाड असते. पण हाताच्या मागच्या बाजूची कातडी पातळ असूनही ती वाचली आणि टाक्यात न बुडालेली, कोपराखालची चार बोटे रुंदीची एक पट्टी, जिच्यावर कापडही नव्हते, ती वीस दिवसांनी आणि वण ठेवून भरली. सहा महिन्यांनी तपासायला आली तेव्हा हातावर पाण्याची रेघ जिथपर्यंत होती, तिथे ती बोटाने दाखवता येत होती.